एसी सासूबाईंचा, बिल तीन महिन्यांचं

वाचकाचं पत्र

आम्ही सिन्नरला राहतो, घरात पाच माणसं. वर्षभर विजेचं बिल हजाराच्या आतबाहेर येतं. एप्रिल आणि मेची बिलंही तेवढीच होती. जूनचं बिल मात्र एकदम सहा हजारांना थोडं कमी! त्यावर ६९० युनिट लिहिलेत. मार्चच्या मध्यात सासूबाईंच्या खोलीत एक टनाचा एसी बसवला, पण तो फक्त रात्री लागतो. नवरा म्हणतो मीटर पळतोय. दीर म्हणतात इंधनाच्या नावाखाली लुटतात. शेजाऱ्यांकडेही एसी आहे, त्यांना अडीच हजारच आलं. सासूबाईंनी मनाला लावून घेतलंय, एसीचा रिमोटच कपाटात ठेवून दिलाय. बिल भरावं की तक्रार करावी? चारही बिलांचे फोटो पाठवतेय.
— एक वाचक, जुलै २०२४

उत्तर

ताई, चारही बिलं पाठवलीत हे फार बरं केलंत. नुसतं जूनचं बिल पाठवलं असतंत तर मलाही मीटरचाच संशय आला असता. खरी गोष्ट एप्रिल आणि मेच्या बिलांत आहे आणि घरात ती दोन बिलं कुणी नीट पाहिलेली दिसत नाहीत. हजाराचं बिल कोण निरखून बघतं?

ती दोन्ही बिलं पुन्हा काढा. रक्कम सोडून द्या आणि ‘चालू रिडिंग’ आणि ‘मागील रिडिंग’ असे दोन रकाने आहेत तिथे बघा. मार्चच्या बिलात चालू रिडिंग ८४१२ आहे. एप्रिलच्या बिलात मात्र चालू रिडिंगच्या जागी आकडा नाही, `RNA` अशी तीन अक्षरं आहेत. मेच्या बिलातही तेच. म्हणजे त्या दोन्ही महिन्यांत रिडिंग मिळालंच नाही. तुमच्या फोटोत मीटरची पेटी जिन्याखाली, जाळीच्या दाराआड दिसते. दुपारी ते दार बंद असेल तर रिडिंग घेणारा माणूस तसाच पुढे जातो.

रिडिंग नाही म्हणून बिल थांबत नाही. ग्राहकाचा आधीचा वापर बघून सरासरी युनिट धरले जातात. तुमच्या बाबतीत ते ११२ धरले गेले, कारण थंडीच्या महिन्यांत तुमचा वापर तेवढाच होता. तेव्हा पंखेही बंद होते आणि एसी तर घरात आलाच नव्हता. मग जूनमध्ये दार उघडं सापडलं आणि मीटरवर ९१०२ दिसलं. ९१०२ मधून ८४१२ वजा केले की ६९० उरतात. हे युनिट मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचे, म्हणजे तीन महिन्यांचे आहेत. महिन्याला २३० पडतात.

तेव्हा तुमचं बिल जूनमध्ये उडी मारून वर गेलेलं नाही. वापर एसी आला त्याच महिन्यात वाढला होता, कागदावर तो जूनमध्ये उमटला. ‘जूनचं बिल जास्त का आलं’ असा प्रश्न घेऊन कार्यालयात गेलात तर समोरचा माणूस रिडिंग दाखवून मोकळा होईल. विचारायला हवं ते असं: तीन महिन्यांचे युनिट तीन महिन्यांच्या स्लॅबमध्ये बसवलेत का, आणि आधीच्या दोन बिलांचे पैसे वजा केलेत का?

स्लॅबचा हिशेब एकदा मांडून दाखवते. दर महावितरणचे, घरगुती सिंगल फेज जोडणीचे, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने १ एप्रिल २०२४ पासून लागू केलेले. तुमच्या या बिलांच्या वेळी पहिल्या १०० युनिटांना वीज आकार युनिटमागे ४.७१ रुपये होता. १०१ ते ३०० मधल्या युनिटांना १०.२९, ३०१ ते ५०० मधल्यांना १४.५५ आणि त्यापुढे १६.६४. याशिवाय प्रत्येक युनिटवर १.१७ रुपये वहन आकार आणि महिन्याला १२८ रुपये स्थिर आकार. या सगळ्याच्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, म्हणून तो आत्ता बाजूला ठेवते. मार्चचे काही दिवस जुन्या दरात मोडतात, तो फरक किरकोळ आहे म्हणून तोही सोडते.

इथे एक गैरसमज जवळजवळ प्रत्येक घरात असतो. १०० च्या वर एक युनिट गेलं की सगळे युनिट महाग दराने धरतात, असं लोक समजतात. तसं होत नाही. पहिले १०० स्वस्तच राहतात, वरचे तेवढे महाग पडतात. मात्र ‘वरचे’ किती महाग, याचा अंदाज फार कमी लोकांना असतो. २०२४ च्या या दरांनी, वहन आकार आणि वीज शुल्क धरून, पहिल्या शंभरातलं एक युनिट तुम्हाला ६.८२ रुपयांना पडलं. दुसऱ्या स्लॅबमधलं तेच युनिट १३.२९ रुपयांना, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तिसऱ्यात १८.२४ आणि चौथ्यात २०.६६. एसीचे युनिट कायम या वरच्या थरात जाऊन बसतात, कारण खालचे १०० तुमच्या फ्रिज, पंखे, दिवे, मिक्सर आणि टीव्हीने आधीच भरलेले असतात.

आता तुमचे आकडे घालू. ११२ युनिटांचं महिन्याचं बिल होतं ९९० रुपये. एप्रिल आणि मेला साधारण तेवढंच आलं. खऱ्या २३० युनिटांचं बिल होतं २,५५९ रुपये. युनिट दुपटीहून थोडे जास्त झाले, पैसे मात्र अडीचपटीच्या वर गेले. स्लॅबचा परिणाम म्हणतात तो हाच. तीन महिन्यांचे मिळून ७,६७६ रुपये होतात. त्यातून आधीच्या दोन बिलांचे १,९८० वजा केले की ५,६९६ उरतात. यात इंधन समायोजनाची थोडी भर घातली की तुमचा ‘सहा हजारांना थोडं कमी’ हा आकडा बरोबर जमतो.

म्हणजे ताई, स्लॅबचा लाभ तुम्हाला मिळालेला दिसतो आणि बिल बरोबर आहे. हे ऐकायला आवडणार नाही, पण कार्यालयात खेटे घालून पदरी काही पडणार नाही हे आधी कळलेलं बरं.

तरी बिलावर दोन जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, कारण असंच बिल आलेल्या दुसऱ्या कुणाचं उत्तर वेगळं निघू शकतं. एक, बिलाचा कालावधी तीन महिन्यांचा धरलाय का. दोन, ‘समायोजित रक्कम’ या ओळीत वजा चिन्हासह आधीच्या बिलांची वजावट आहे का. काही बिलांत ही वजावट थोड्या वेगळ्या ओळींत विभागलेली असते, पण निव्वळ उत्तर तेच यायला हवं. समजा हेच ६९० युनिट एका महिन्याचे धरले गेले असते. मग १०० स्वस्त दराने, २०० दुसऱ्या दराने, २०० तिसऱ्या दराने आणि उरलेले १९० थेट १६.६४ च्या दराने लागले असते. बिल झालं असतं ११,०६२ रुपये आणि वजावटीनंतरही ९,०८१ भरावे लागले असते. तुमच्या बिलापेक्षा जवळजवळ ३,४०० रुपये जास्त. ज्यांच्या बिलात असं झालं असेल त्यांनी एक रुपयाही गृहीत धरून सोडू नये. अंदाजाने दिलेल्या बिलाची रक्कम प्रत्यक्ष रिडिंगनंतर जुळवून घ्यायची, हे आयोगाच्या वीज पुरवठा संहितेतच लिहिलेलं आहे.

काही वाचक विचारतात, ‘सरासरी काढून तीन महिन्यांत वाटल्यामुळे आमचं नुकसान तर होत नाही ना? मेमध्ये आम्ही पंधरा दिवस गावी होतो.’ नुकसान होत नाही. दर चढता असला की समान वाटणीचं बिल हे खऱ्या, कमीजास्त वापराच्या बिलाएवढं किंवा त्याहून कमीच निघतं. एका महिन्यात ४०० आणि दुसऱ्यात ६० युनिट जाळले असतील तर २३०-२३० धरण्यात तुमचाच फायदा आहे, कारण ३०० च्या वरचे १०० महाग युनिट खाली येतात.

हा सगळा प्रकार महाराष्ट्राने २०२० च्या टाळेबंदीत एकदम, घरोघरी पाहिला आहे. मार्चच्या अखेरीस रिडिंग घेणं थांबलं, एप्रिल-मेची बिलं थंडीच्या महिन्यांच्या सरासरीवर गेली आणि जूनमध्ये प्रत्यक्ष रिडिंगचं बिल हातात आल्यावर लोक हादरले. त्यात १ एप्रिल २०२० पासून दरही बदलले होते. तेव्हाही वाद मिटवायला उपयोगी पडला तो हाच हिशेब: एकूण युनिट, भागिले महिने, मग स्लॅब, मग वजावट.

आता घरातल्या तिन्ही तर्कांकडे येते.

दिरांचा राग इंधन समायोजनावर आहे. आयोग विजेचे दर वर्षासाठी आधी ठरवून देतो. प्रत्यक्षात कोळसा महागला, किंवा उन्हाळ्यात मागणी वाढून बाजारातून चढ्या भावाने वीज घ्यावी लागली, की ठरवलेला खर्च आणि झालेला खर्च यांत तफावत पडते. ती नंतरच्या बिलांतून युनिटमागे काही पैसे लावून वसूल होते. म्हणून आजच्या बिलात दिसणारा इंधन आकार आधीच्या महिन्यांतल्या खर्चाचा असतो आणि खर्च उतरला तर तो कमीही होतो. या आकाराबद्दल तक्रार करायला जागा आहे, कारण महिन्याचं अंदाजपत्रक बसवणाऱ्या माणसाला तो आधी कळत नाही. पण तुमच्या सहा हजारांना तो जबाबदार नाही. दिरांना बिलावरची ती ओळ दाखवा आणि तिला ६९० ने भागायला सांगा. समजा युनिटमागे ४० पैसे निघाले, तर तीन महिन्यांचे मिळून २७६ रुपये होतात, वर त्यावरचं वीज शुल्क. दरवाढीचंही तसंच आहे. एप्रिलमध्ये दर वाढले हे खरं. मार्चपर्यंत पहिल्या दोन स्लॅबचे दर ४.४१ आणि ९.६४ होते, स्थिर आकार ११६ होता. त्या दरांनी ११२ युनिटांचं बिल ९३२ रुपये व्हायचं, नव्या दरांनी ९९० झालं. महिन्याला ५८ रुपयांची वाढ. जी वाढ पोटात गोळा आणते ती युनिटांतून आली.

शेजाऱ्यांचं अडीच हजाराचं बिल तर तुमच्याच बाजूने साक्ष देतं. त्यांच्या मीटरचं रिडिंग दर महिन्याला झालं असणार. त्यांना एप्रिल आणि मेचं बिल किती आलं होतं ते सहज विचारून बघा. तेही अडीच हजारांच्या आसपास निघालं तर तिन्ही महिने मिळून त्यांचे आणि तुमचे पैसे जवळजवळ सारखेच झाले. त्यांनी ते तीन हप्त्यांत भरले, तुमच्यावर एकदम आले.

मीटर पळतोय का, हे घरी दहा मिनिटांत बऱ्यापैकी कळतं. तुमच्या यजमानांना हे काम द्या. मीटरच्या तोंडावर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि जवळच `3200 imp/kWh` असं काहीतरी छापलेलं असतं. याचा अर्थ एक युनिट जळलं की तो दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर तो धरा. आधी घरातल्या बोर्डावरचे सगळे एमसीबी खाली करा. दोन-चार मिनिटं थांबून दिवा बघा. आता तो लुकलुकायला नको. तरीही सारखा लुकलुकत राहिला तर मीटर आणि घरचा बोर्ड यांच्यामध्ये कुठेतरी वीज जातेय. तिथली वायर खराब असेल किंवा कुणीतरी तुमच्या लाइनवरून जोडून घेतलं असेल. अशा वेळी पेटी उघडायच्या भानगडीत न पडता परवानाधारक वायरमनला बोलवा.

दिवा थांबला असेल तर एमसीबी पुन्हा चालू करा. फ्रिजचा प्लग काढा, पंखे-दिवे बंद करा आणि फक्त पाणी तापवायचा १००० वॅटचा रॉड बादलीत सोडून लावा. इस्त्री नको, ती तापली की आपोआप बंद-चालू होते आणि मोजणी फसते. १००० वॅटला तासाला एक युनिट, म्हणजे मिनिटाला साधारण ५३ लुकलुका व्हायला हव्यात. पाच मिनिटं मोजून सरासरी काढा. ४८ आल्या किंवा ५७ आल्या तर काळजी नको, घरी येणारा व्होल्टेज कमीजास्त असतो आणि रॉडही अगदी छापल्याइतका नसतो. ७०-७५ यायला लागल्या तर मात्र मीटर तपासणीचा अर्ज करा. तपासणीचं शुल्क भरावं लागतं आणि पावती जपून ठेवावी लागते. तुमचे आकडे बघता तिथपर्यंत जायची वेळ येईल असं मला वाटत नाही, कारण वाढलेल्या युनिटांचा हिशेब एसीशी नीट जुळतो.

महिन्याला ११८ युनिट वाढले, म्हणजे दिवसाला जेमतेम चार. एक टनाचा एसी रात्री आठ तास लावला, तर खोली गार झाल्यावर तो मधूनमधून थांबतो, तासाला सरासरी अर्धं युनिट घेतो. आठ तासांचे चार. नवऱ्याच्या हातात हा गुणाकार द्या.

आणि सासूबाईंना त्याहून सोपा आकडा सांगा. या एसीचा खर्च रात्रीला ५० ते ५५ रुपये आहे, महिन्याला साधारण १,५७० रुपये. सहा हजार हा त्यांच्या एसीचा आकडा नाही. त्यात घरातल्या पाचही माणसांची तीन महिन्यांची वीज आहे. दीड हजार ही लहान रक्कम नाही, हे मलाही मान्य आहे. पण एप्रिल-मेच्या रात्री वयस्कर माणसाने उकाड्यात तळमळायचं की उन्हाळ्याचे तीन महिने दीड-दीड हजार बाजूला काढायचे, हा निर्णय खरा आकडा समोर ठेवून सगळ्यांनी मिळून घ्यायचा आहे. त्यांनी एकट्याने अपराधीपणाने रिमोट कपाटात ठेवणं हा काही निर्णय झाला नाही. एसी २६-२७ वर ठेवून सोबत पंखा लावला तर चारचे तीन-सव्वातीन युनिट होतात आणि वाचणारं प्रत्येक युनिट तुमच्या १३ रुपयांच्या थरातलं असतं. उलट रात्री बाहेरचा दिवा घालवत बसण्याने हाताला फारसं काही लागत नाही. ९ वॅटचा एलईडी रात्रभर, बारा तास जळला तरी दशांश युनिटच खातो.

एक इशारा. एसी घेतल्यावर इलेक्ट्रिशियन कधी कधी थ्री फेज जोडणी करून घ्यायला सांगतात. एक टनाच्या एका एसीसाठी त्याची गरज नसते. थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीहून जास्त आहे आणि तो घराला कुलूप असलं तरी दर महिन्याला लागतो.

पैसे भरण्याबद्दल. बिल बरोबर आहे म्हणून ते एकरकमी झेपेलच असं नाही. मुदत संपायच्या आत जवळच्या उपविभागीय कार्यालयात जा आणि हप्ते मागा. अर्जात ग्राहक क्रमांक, मार्च आणि जूनची दोन रिडिंग, आणि ‘मधल्या दोन महिन्यांचं देयक सरासरीने दिलं गेलं, त्यामुळे तीन महिन्यांची रक्कम एकदम आली आहे, ती तीन समान हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळावी’ एवढंच लिहा. सोबत चारही बिलांच्या प्रती जोडा आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. नुसतं न भरता बसू नका. मुदत टळली की १.२५ टक्के विलंब आकार लागतो आणि पुढच्या बिलात ही रक्कम थकबाकी म्हणून येते. मग जुलैचं बिल बघून घरात पुन्हा तोच गोंधळ होईल.

ज्यांचं बिल खरोखर चुकलेलं आहे, म्हणजे कालावधी एकच महिना धरलाय किंवा वजावट दिलेली नाही, त्यांनी आधी त्याच कार्यालयात लेखी दुरुस्ती मागावी. १९१२ वर फोन करून तक्रार क्रमांकही घ्यावा. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल असा रस्ता आहे. तोवर वीज तोडतील ही भीती असते. त्यासाठी विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये सोय आहे. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती ‘हरकत नोंदवून’ भरली, तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. शिवाय थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘हरकत नोंदवून’ हे शब्द पत्रात यायलाच हवेत, पत्राची पोच हवी. नुसते कमी पैसे भरून आलात तर ती साधी थकबाकी ठरते.

आणखी एक कागद कधी कधी वाचकांना घाबरवतो, तो म्हणजे सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल. वर्षाचा वापर वाढला की ठेवही वाढवून मागतात. तुमचा वापर या उन्हाळ्यात वाढलाय, तेव्हा पुढच्या वर्षी तसं बिल येऊ शकतं. तो वीज वापराचा खर्च नाही. ती रक्कम तुमच्या नावावर जमा राहते आणि तिच्यावर व्याज मिळतं.

हे पुन्हा होऊ नये यासाठी जिन्याखालच्या जाळीचं काहीतरी करा. बिलावर रिडिंगची तारीख छापलेली असते, पुढच्या महिन्यातही ती साधारण त्याच सुमारास येते. त्या दोन-तीन दिवसांत दार उघडं ठेवा किंवा किल्ली खालच्या घरात देऊन ठेवा. तेही जमत नसेल तर महावितरणच्या मोबाइल ॲपवरून मीटरचा फोटो काढून रिडिंग स्वतः पाठवता येतं. फोटोत `kWh` चा आकडा स्पष्ट यायला हवा. काही मीटरांवर आकडे आलटून पालटून फिरतात, तारीख, वेळ, व्होल्टेज असं काहीबाही दिसतं, तेव्हा `kWh` येईपर्यंत थांबा. आणि कुठल्याही महिन्यात चालू रिडिंगच्या जागी आकडा नसेल तर ते बिल कितीही कमी असो, त्याच आठवड्यात मीटरचा फोटो काढून ठेवा. वापर वाढलेला दिसला तर फरकाचे पैसे तेव्हाच बाजूला काढता येतील.

आता पाऊस सुरू झालाय, एसी फारसा लागणार नाही. रोज सकाळी एकाच वेळी मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहायचं काम आठवडाभर करा. एसी बंद असताना दिवसाला साडेतीन ते चार युनिट पडायला हवेत, त्या हिशेबाने जुलैचं बिल पुन्हा हजार ते अकराशेच्या घरात येईल, हप्त्याची रक्कम वेगळी. एसी बंद असूनही रोज सात-आठ युनिट पडत असतील, तर वरची रॉडची चाचणी करा आणि ते आकडे मला पाठवा.